उन्हाळी लागली म्हणून किती दिवस पाणी पीत बसायचं?

"मॅडम, मी ३४ वर्षांची आहे. बर्डीत साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. कालपासून लघवी करताना आग होते, दर वीस-पंचवीस मिनिटांनी जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. ताप नाही. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी पी. डॉक्टरकडे जायच्या आधी घरी काय आणि किती प्यावं?"

ताई, दिवसभरात थोडं थोडं करून अडीच ते तीन लिटर प्या. पण पिण्याचा सपाटा लावण्याआधी लघवीचा नमुना घेऊन ठेवा, आणि पाण्याच्या भरवशावर एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका. "गेलं की चार थेंब" हे तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला नुसत्या उन्हापेक्षा संसर्गाची शंका जास्त येते. असं का म्हणते ते सांगते, म्हणजे घरी बसून तुम्हालाही ओळखता येईल.

आपल्याकडे उन्हाळी लागणं हा एकच शब्द आहे, पण त्याच्या पोटात दोन वेगळे आजार आहेत. मी नागपुरात पंचवीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करते. मार्चच्या अखेरीपासून नवतपा संपेपर्यंत हा शब्द रोज कानावर पडतो. यातला एक आजार पाण्याने खरोखर बरा होतो. दुसरा पाण्याने फक्त दबतो. बाहेरून दोन्हींची आग सारखीच वाटते, म्हणून घरातली मोठी माणसं दोन्हींना एकच उपाय सांगतात. त्यांचा उपाय चुकीचा नाही, तो अर्ध्याच लोकांना पुरतो एवढंच.

पहिला आजार म्हणजे घट्ट झालेली लघवी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना अंगातलं बरंचसं पाणी घामावाटे जातं. मग किडनी उरलेलं पाणी वाचवते आणि रोजचाच कचरा अगदी कमी पाण्यातून बाहेर टाकते. अशी लघवी गडद पिवळी, कधी चहासारखी होते, तिचा वास उग्र येतो आणि बाहेर पडताना ती मार्गाला झोंबते. यात कूलर फसवतो. कूलरच्या वाऱ्यात घाम अंगावर दिसायच्या आतच वाळतो. दुकानात किंवा घरात कूलरसमोर बसलेल्या बाईला वाटतं, मला कुठे घाम येतो, मला कशाला एवढं पाणी? संध्याकाळपर्यंत तिचे दोनच पेले पाणी झालेले असतात. या प्रकारात आग होते ती लघवी बाहेर पडतानाच. दिवसातून तीन-चार वेळाच जावं लागतं आणि गेल्यावर मोकळं वाटतं.

दुसरा आजार म्हणजे मूत्राशयाचा संसर्ग. बहुतेक वेळा तो ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू आपल्या आतड्यात नेहमीच असतो आणि शौचाच्या जागेवरून लघवीच्या मार्गात शिरतो. बायकांचा हा मार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब असतो, म्हणून जंतूला मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तिथे आतल्या अस्तराला सूज येते. सुजलेलं अस्तर थोडीशी लघवी साठली तरी "भरलं, भरलं" असा निरोप मेंदूला पाठवत राहतं. घाईने जावं, चार थेंब यावेत, उठावं आणि दाराशी पोचेपर्यंत पुन्हा तीच घाई लागावी, हे त्या सुजेमुळे होतं. नुसत्या घट्ट लघवीत सहसा असं होत नाही. शिवाय संसर्गात ओटीपोटात जडपणा किंवा दुखणं असतं, लघवी गढूळ दिसते, शेवटच्या थेंबाला जास्त कळ येते आणि काहींना लालसर झाकही दिसते.

आता घरची परीक्षा. पाणी वाढवल्यावर चार-सहा तासांत लघवीचा रंग उतरायला लागतो. रंगाबरोबर आगही उतरली तर तुमची उन्हाळी खरोखर उन्हाचीच होती. रंग उतरून लघवी फिक्या पिवळ्या रंगाची झाली, तरी घाई आणि आग तशीच राहिली, तर पाण्याने जे करायचं होतं ते केलं. उरलेलं काम औषधाचं आहे. या परीक्षेत दोन गोष्टी चकवतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर कितीही पाणी प्यालात तरी लघवी पिवळीधमक राहते, तेव्हा रंगावर जाऊ नका. आणि संसर्ग असतानाही भरपूर पाण्याने लघवी पातळ होते, त्यामुळे संध्याकाळी आग कमी वाटते. म्हणून आगीपेक्षा घाईकडे जास्त लक्ष द्या. दोन लघव्यांमधलं अंतर दोन तासांपर्यंत वाढलं का, ते बघा.

हे ज्यांच्यावर बेतलं अशा एका बाईंची हकीकत सांगते. नंदनवन भागातल्या, चाळिशीच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. ऐन नवतपात त्यांना तुमच्यासारखाच त्रास सुरू झाला. त्यांनी मन लावून उपाय केले. सकाळी धने-जिऱ्याचं पाणी, दुपारी सब्जा घातलेलं सरबत, माठातलं वाळ्याचं पाणी, सगळं मिळून दिवसाला पाच लिटरच्या वर. रोज संध्याकाळी त्यांना बरं वाटायचं आणि रोज पहाटे आग परत यायची. रात्री सहा-सात तास पाणी पोटात जात नाही, लघवी पुन्हा घट्ट होते आणि साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. संध्याकाळच्या आरामामुळे त्यांना वाटत राहिलं की आपण सुधारतो आहोत. तिसऱ्या दिवशी घरात आधीच्या कुणाच्या तरी आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या त्यांनी घेतल्या. पाचव्या दिवशी दुपारी भर उन्हात त्यांना हुडहुडी भरली, दोन चादरी घेऊनही थंडी जाईना, आणि उजव्या बाजूला पाठीत, बरगडीच्या खाली दुखायला लागलं. माझ्याकडे आल्या तेव्हा १०३ ताप होता. संसर्ग मूत्राशयातून वर किडनीपर्यंत गेला होता. कल्चरला लघवी पाठवली, तर रिपोर्टमध्ये जंतू वाढलेच नाहीत, कारण त्या तीन गोळ्यांनी जंतू मेले नव्हते पण तपासणीत लपले होते. कोणतं औषध लागू पडेल हे कळायला मार्ग उरला नाही. अंदाजाने इंजेक्शनं द्यावी लागली आणि तीन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आग परतली तेव्हाच त्या आल्या असत्या, तर काही दिवसांच्या गोळ्यांवर भागलं असतं. त्या पहाटेची मला आजही हळहळ वाटते.

पाण्याने हे का धुऊन निघत नाही? ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात आणि त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो. जास्त पाण्याने लघवीत तरंगणारे जंतू बाहेर जातात, म्हणजे गर्दी कमी होते. चिकटून बसलेले राहतात आणि पुन्हा वाढतात. निरोगी तरुण बाईत कधी कधी शरीरच उरलेल्यांचा बंदोबस्त करतं आणि संसर्ग आपोआप जातो, हे खरं आहे. पण कोणाचा जाईल आणि कोणाचा वर चढेल, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. आज संध्याकाळी जवळच्या पॅथॉलॉजीतून लघवीसाठीची निर्जंतुक डबी आणून ठेवा. डबीचं झाकण नमुना घेईपर्यंत उघडू नका. सकाळी उठल्यावर पाणी प्यायच्या आधी जागा नुसत्या पाण्याने धुवा, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली डबीत घ्या आणि शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीला आतून बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमणारच नसेल तर डबी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजच्या दारात नाही तर आतल्या कप्प्यात, आणि त्याच दिवशी द्या. आपल्या उन्हात ओट्यावर राहिलेल्या डबीत जंतू भराभर वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. उलट तीन-चार पेले पाणी पिऊन मग नमुना दिला, तर लघवी इतकी पातळ होते की पू-पेशी आणि जंतू असूनही कमी दिसतात. म्हणून नमुना आधी आणि पाणी नंतर. एवढा एक क्रम पाळलात तरी तुमच्या डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होईल. लॅबमध्ये "रुटीन आणि कल्चर" असं सांगा. रुटीनचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल, मेयो किंवा डागा या आपल्या सरकारी दवाखान्यांच्या सकाळच्या ओपीडीत दाखवता येईल.

नमुना दिल्यावर पाणी सुरू करा. घरातला एक स्टीलचा पेला एकदा मापून घ्या. लिटरच्या बाटलीत तो किती वेळा रिकामा होतो ते बघा. बहुतेक घरांतला पेला २०० ते २५० मिलीलिटरचा असतो. सकाळी दोन पेले, मग दर तासाला एक, असं रात्री आठपर्यंत बारा पेले होतात आणि तेवढे पुरे. त्यानंतर घोट-दोन घोटच, नाहीतर रात्रभर उठत राहाल. झोपण्यापूर्वी मात्र लघवीला जाऊनच झोपा. एका दमात लिटरभर पाणी ओतू नका. सुजलेलं मूत्राशय एकदम ताणलं की कळ वाढते. आणि दिवसभर नुसतं साधं पाणी पाच-सहा लिटर प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखणं, मळमळ, गुंगी असा नवाच त्रास होऊ शकतो. नंदनवनच्या बाई त्याच्या अगदी काठावर होत्या.

काय प्यावं याबद्दल माझं मत साधं आहे, माठातलं साधं पाणी सगळ्यात चांगलं. सासूबाईंचं धने-जिऱ्याचं पाणी जरूर घ्या. चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरं रात्री पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्यायचं. त्याने जंतू मरतात असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना साधं पाणी जात नाही त्यांना हे गोडीने जातं आणि तेही मोजणीत धरायचं. जवाचं पाणी, पातळ ताक, नारळपाणी हेही चालेल. लिंबू सरबत एखाद्या पेल्यापुरतं ठीक, पण काही जणींना आंबटाने आग वाढते. तसं झालं तर सोडा. दुकानात दिवसभर येणारा चहा मात्र दोन दिवस बंद करा. चहा-कॉफीतलं कॅफिन सुजलेल्या मूत्राशयाला आणखी चाळवतं, घाई वाढते, आणि चहाचा कप हा पाण्याचा पेला म्हणून मोजला जातो ते वेगळंच. तर्री पोहे आणि सावजीही तेवढे दिवस बाजूला ठेवा. उसाचा रस आणि गोड पन्हं साखरेचा आजार असलेल्यांनी या नावाखाली पिऊ नये.

हे सगळं प्रमाण तुमच्यासारख्या धडधाकट बाईसाठी आहे. तुमचं बघून घरात कुणी दुसरं हेच करायला जाईल म्हणून सांगते. हृदयाची पंपिंग कमी असलेल्यांनी, किडनीच्या रुग्णांनी, पायावर सूज असलेल्यांनी स्वतःच्या मनाने पाणी वाढवू नये. किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना नारळपाण्यातलं पोटॅशियमही बाधू शकतं. आणि सासरेबुवांसारखे साठी ओलांडलेले पुरुष, ज्यांची धार बारीक झाली आहे, लघवी अडखळत होते, त्यांनी "आग होते" म्हणून पाणी ढोसलं तर पूर्ण तुंबण्याची वेळ येते. पुरुषांच्या बाबतीत ही तक्रार घरी न थांबता थेट दाखवायची.

आग थांबावी म्हणून मेडिकल स्टोअरवर सहज तीन गोष्टी हातात पडतात. पहिली अँटिबायोटिक. नॉरफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या मागून घेणं ही नागपुरात जुनी सवय आहे. या गटातल्या औषधांना आपल्याकडचे ई. कोलाय आता मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत, आणि नमुना देण्याआधी घेतलेली एक गोळीसुद्धा कल्चर बिघडवू शकते. दुसरी, पाण्यात मिसळून घ्यायचं गोड सिरप, ज्याला अल्कलायझर म्हणतात. ते लघवीची आम्लता कमी करतं आणि काहींना आग कमी वाटते. मी ते पूर्ण वाईट म्हणत नाही, पण त्याने जंतू मरत नाहीत. संसर्गावर नेहमी दिलं जाणारं नायट्रोफ्युरॅन्टॉइन आम्ल लघवीत जास्त चांगलं चालतं, त्यामुळे हे सिरप त्याच्या आड येतं. ते घेतलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. घरचा खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणं हाही याच जातीचा उपाय आहे आणि बीपी असलेल्यांना त्यातलं सोडियम महागात पडतं. तिसरी, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी. अंगात पाणी कमी असताना ती किडनीवर ताण टाकते. फारच दुखत असेल आणि पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल, तर जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या, आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर ठेवा.

एक प्रश्न स्वतःला विचारा, आग आत होते की बाहेर? लघवी कातडीला लागल्यावर बाहेर झोंबत असेल, खाज असेल, अंगावरून पांढरं जात असेल, तर तो मूत्राशयाचा नाही, योनीमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषध दोन्ही वेगळी. आणि कंबरेतून जांघेकडे लाटांसारखी उतरणारी कळ असेल तर खडा खाली सरकत असण्याची शक्यता आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला खडासुद्धा अशीच घाई लावतो.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, किंवा सहा-आठ तास लघवीच न होणं, यातलं काहीही झालं तर पेले मोजत बसू नका, रात्र असली तरी निघा. पाळी चुकली असेल, दिवस असण्याची शंका असेल, तर ताप नसतानाही उद्याच दाखवा. गरोदरपणात हा संसर्ग किडनीपर्यंत लवकर चढतो. साखरेचा आजार असेल तरीही तेच.

तुमच्या दुकानाबद्दल थोडं. काउंटरवरच्या मुली मला सांगतात की बाथरूम एकतर वरच्या मजल्यावर नाहीतर इतकं घाण की जावंसं वाटत नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गिऱ्हाईक समोर असताना तर चार-पाच तास धरून बसतात. थोडं पिणं आणि धरून ठेवणं, ही जोडी जंतूला हवी तशीच आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार हा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर जादा पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा वर्षभरात त्यांचे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे पाण्याची खरी ताकद संसर्ग होण्याआधी दिसते. मालकांशी बोलून दर तीन तासांनी पाच मिनिटं मागून घ्या. दोघी-तिघींनी मिळून मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जड जातं. बाटली काउंटरखाली ठेवा, म्हणजे हात आपोआप जाईल.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या, आग कधी सुरू झाली, काल रात्री किती वेळा उठलात, शेवटची पाळी कधी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि या वर्षात असं कितव्यांदा झालं. औषध सुरू झाल्यावरही पेल्यांची मोजणी तीच ठेवा. दुसऱ्या दिवशी आराम पडला म्हणून गोळ्या मधेच थांबवू नका. आणि ४८ तासांत घाई कमी झाली नाही, तर दुकानातून दुसरी गोळी न आणता तोपर्यंत आलेला कल्चरचा कागद घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा.